वेळापत्रकाच्या फोटोचा स्क्रीन रीडरसाठी मजकूर कसा करायचा?

प्रश्न: इंदूरच्या आमच्या मंडळाच्या वेबसाइटवर वर्गांच्या वेळा आणि फीचा तक्ता फोटो म्हणून टाकलाय, सोबत जोडलाय. आमचे एक काका स्क्रीन रीडर वापरतात, त्यांना आधी नुसतं 'इमेज' एवढंच ऐकू यायचं. मग मी तक्त्यातलं सगळं ऑल्ट टेक्स्टमध्ये टाइप केलं, तर काका म्हणतात आता ऐकू येतं पण कळत काही नाही. नातीच्या तबल्याची फी शेवटी फोन करूनच विचारली त्यांनी. काय चुकतंय?

उत्तर:

नमस्कार. मीही इंदूरचीच, दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं आणि प्रश्नपत्रिका ऐकता येतील अशा करून द्यायचं काम करते, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ खातात ते तक्तेच. तुमचा फोटो उघडून बघितला. टायपिंग अगदी बरोबर आहे, एकही आकडा चुकलेला नाही. पण तक्त्यातला अर्धा मजकूर शब्दांत नसतोच ना, तो जागेत असतो. ५०० हा आकडा कोणाच्या खाली आणि कोणासमोर आहे त्यावरून तो फी ठरतो, मोठ्या गटाची ठरतो, सभासदांची ठरतो. तुम्ही शब्द टाइप केले, जागा मात्र फोटोतच राहिली.

तुमच्या ऑल्टमध्ये काकांना काय ऐकू येत असेल ते बघा: "वर्ग गट दिवस वेळ फी सभासद बिगरसभासद गायन लहान मंगळ गुरु ५-६ ४०० ६०० मोठा ६.१५-७.१५ ५०० ७०० तबला लहान सोम बुध..." ऑल्ट म्हणजे एक सलग ओळ, तिच्यात रांगा नाहीत, रकाने नाहीत, खाली-वर जाता येत नाही. त्यातून एक गोम अशी की फोटोत 'गायन' हा रकाना दोन ओळींना मिळून एकच आहे आणि दिवसांच्या जागी खाली नुसती 〃 अशी खूण आहे, त्यामुळे पहिल्या ओळीत सहा गोष्टी येतात आणि दुसरीत चारच. समजा काका मनात मोजत बसले की पाचवी गोष्ट म्हणजे सभासदांची फी, तर दुसऱ्या ओळीत पाचव्या जागी 'तबला' येतो, म्हणजे पुढच्या ओळीतच गाडी गेली. मोजून ऐकणाऱ्याचा हिशेब तिथेच तुटतो, आणि मोजत ऐकायला लावणं हेही बरोबर नाहीच.

फोनवर कोणाला मार्कशीट वाचून दाखवताना आपण आधी सगळे विषय आणि मग सगळे मार्क असं कधी सांगत नाही, गणितात बहात्तर, विज्ञानात अडुसष्ट असंच सांगतो. इथेही तेवढंच करायचंय, फक्त प्रत्येक आकड्याला विषय एक नाही, दोन-तीन आहेत.

म्हणून कोडला हात लावायच्या आधी मी कागद घेते आणि फोटोतला एक मधलाच आकडा उचलून त्याचं पूर्ण वाक्य करते. तुमच्या तक्त्यातला तबल्याच्या मोठ्या गटाचा ५०० घ्या: "तबला, मोठा गट, सभासदांसाठी, महिन्याची फी, ५०० रुपये." या वाक्यात जेवढे शब्द आकड्याच्या बाहेरून आले तेवढी त्याची हेडर्स. तबला आणि मोठा गट डावीकडून आले, फी आणि सभासद वरून आले, आणि 'महिन्याची' हे तर तक्त्यात कुठेच नाही, ते पोस्टरच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय. डोळ्याने बघणारा ते सगळं एका नजरेत जोडून घेतो म्हणून आपल्या लक्षातच येत नाही की आपण काहीतरी जोडलं.

आता या आकड्याला डावीकडून दोन आणि वरून दोन हेडर्स आहेत, म्हणजे तक्ता दोन मजली झाला. दोन मजली तक्ता तसाच्या तसा वेबवर करता येतो, पण माझा सल्ला विचाराल तर करू नका. फोटोत मजले केले जातात ते जागा वाचवायला आणि छान दिसायला, ऐकताना जागा वाचत नाही. 'वर्ग' आणि 'गट' हे दोन रकाने मिळून एकच करा: 'तबला, मोठा गट'. 'फी' आणि त्याच्या खालचं 'सभासद, बिगरसभासद' हे सपाट करून दोन रकाने करा: 'सभासद, मासिक फी' आणि 'बिगरसभासद, मासिक फी'. झालं, आता प्रत्येक आकड्याला डावीकडून एक आणि वरून एक हेडर उरलं, आणि एवढं कुठलाही स्क्रीन रीडर सांभाळतो. चित्रासारखंच दिसलं पाहिजे असा हट्ट धरू नका, चित्राएवढंच कळलं पाहिजे.

कोड असं होईल, एकच ओळ दाखवते, बाकीच्या तशाच:

```html
<table lang="mr">
  <caption>मंडळाचे वर्ग: दिवस, वेळ आणि मासिक फी</caption>
  <thead>
    <tr>
      <th scope="col">वर्ग आणि गट</th>
      <th scope="col">दिवस</th>
      <th scope="col">वेळ</th>
      <th scope="col">सभासद, मासिक फी</th>
      <th scope="col">बिगरसभासद, मासिक फी</th>
    </tr>
  </thead>
  <tbody>
    <tr>
      <th scope="row">गायन, मोठा गट</th>
      <td>मंगळवार, गुरुवार</td>
      <td>संध्याकाळी ६:१५ ते ७:१५</td>
      <td>५०० रुपये</td>
      <td>७०० रुपये</td>
    </tr>
  </tbody>
</table>
```

यात सगळी करामत `th` आणि `scope` ची आहे. `scope="col"` म्हणजे हे माझ्या खालच्या सगळ्यांचं हेडर, `scope="row"` म्हणजे माझ्या ओळीतल्या सगळ्यांचं. बरेच जण वरची ओळ ठळक करतात आणि समजतात हेडर झालं, पण ठळक अक्षर हे फक्त डोळ्यांना, स्क्रीन रीडरला ते इतर रकान्यांसारखंच. आणि पहिला उभा रकाना तर हमखास राहून जातो. तुमची साइट वर्डप्रेसवर दिसतेय, तिथल्या टेबल ब्लॉकमध्ये `Header section` चालू केलं की वरची ओळ `th` होते, पण डावीकडचा रकाना साधाच राहतो. त्यासाठी ब्लॉकच्या तीन टिंबांमधून `Edit as HTML` घेऊन प्रत्येक ओळीतला पहिला `td` हाताने `th scope="row"` करावा लागतो, बंद करणारा टॅगही बदला, नाहीतर ब्लॉक रुसतो.

`lang="mr"` मुद्दाम घातलंय. थीम इंग्रजी असेल तर अख्खं पान इंग्रजी म्हणून नोंदलेलं असतं, मग काही स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातात आणि अक्षरं गाळतात नाहीतर एकेक अक्षर सुटं म्हणत बसतात. आपल्याकडे इंदूरात बऱ्याच जणांच्या फोनवर आवाज हिंदी लावलेला असतो, तो मराठीही वाचतो, उच्चार जरा हिंदी वळणाचे येतात पण कळतं, त्याची काळजी नको.

आता रकान्यांच्या आतलं, आणि खरं सांगायचं तर माझा जास्त वेळ इथेच जातो.

〃 ही खूण काढा आणि 'मंगळवार, गुरुवार' पुन्हा पूर्ण लिहा. 'वरीलप्रमाणे' असंही नको, कारण ऐकणारा वरून आलाच असेल असं काही नाही, तो थेट त्या ओळीत उतरलेला असू शकतो. '५-६' मधली आडवी रेघ स्क्रीन रीडरच्या नेहमीच्या सेटिंगवर बहुतेक वेळा बोललीच जात नाही, 'पाच सहा' एवढंच ऐकू येतं, म्हणून 'ते' लिहा. '६.१५' मध्ये पूर्णविराम असला की ते दशांशासारखं वाचलं जाऊ शकतं, तिथे विसर्गासारखी दोन टिंबं द्या आणि 'संध्याकाळी' किंवा 'सकाळी' हा शब्द प्रत्येक वेळेसोबत ठेवा. 'रुपये' पण प्रत्येक ठिकाणी. डोळ्याला हे सगळं पुनरुक्ती वाटेल, पण फोनवर बोट सरकवत ऐकताना एकेक रकाना सुटा येतो, तेव्हा नुसतं 'पाचशे' ऐकण्यापेक्षा 'पाचशे रुपये' ऐकलेलं बरं.

तुमच्या फोटोत तबल्याच्या मोठ्या गटाची ओळ लाल आहे. खाली कोपऱ्यात लिहिलंय की लाल म्हणजे जागा भरल्या. रंग काकांपर्यंत पोचत नाही, त्यामुळे ते शब्दात आणावं लागेल. हे कुठे लिहायचं यावर दोन मतं असू शकतात. वेगळा रकाना केला तर एका ओळीसाठी बाकीच्या चार ओळींत तो रिकामाच राहतो. ओळीच्या हेडरमध्ये घातलं, म्हणजे 'तबला, मोठा गट, जागा भरल्या', तर वरून खाली येताना त्या ओळीत शिरल्याशिरल्याच ऐकू येतं. मी हेडरमध्येच घालीन, कारण जागाच नसतील तर पुढची वेळ आणि फी ऐकण्यात त्या माणसाचा वेळ कशाला घालवायचा. पण जागांची स्थिती प्रत्येक वर्गाची वेगवेगळी असती, काही भरले, काही थोडे उरले, तर मात्र वेगळा रकाना केला असता.

त्याच ओळीत ७०० पुढे चांदणी आहे आणि खाली 'तबला स्वतःचा आणावा' अशी टीप. चांदणी 'स्टार' म्हणून ऐकू येते आणि टीप तक्ता संपल्यावर कुठेतरी. ही टीप नीट वाचली तर फक्त बिगरसभासदांना आहे की सगळ्यांना तेच पोस्टरवरून कळत नाही, डिझाइन करणाऱ्याने जागा मिळेल तिथे चांदणी टाकलेली दिसतेय. हे मंडळात विचारा आणि सगळ्यांना असेल तर तक्त्याच्या आधी एका वाक्यात सांगून टाका.

आणि शेवटच्या ओळीत, मराठी संभाषण वर्गाला, सभासदांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. याचे तीन अर्थ होऊ शकतात: सभासदांना फुकट, सभासदांसाठी हा वर्गच नाही, किंवा फी अजून ठरलेली नाही. बघणाराही अंदाजच करतो म्हणा, पण त्याला रेघ तरी दिसते, ऐकणाऱ्याला तिथे काहीच ऐकू येत नाही किंवा 'ब्लँक' येतं आणि वाटतं की तक्ता अर्धवट आहे. खाली मी 'विनामूल्य' धरलंय कारण मंडळांमध्ये बहुधा तसंच असतं, पण तुम्ही ऑफिसला विचारूनच लिहा. आपल्याला माहीत नसलेला अर्थ आपण भरायचा नाही, हा नियम मी प्रश्नपत्रिकांमध्ये तर फारच कडक पाळते.

आता सारांश. हा किती लांब असावा ते तक्त्यावर अवलंबून आहे, पण तुमच्या तक्त्याला तीन-चार वाक्यं पुष्कळ झाली. 'या तक्त्यात सहा ओळी आणि पाच रकाने आहेत' असं लिहू नका, ते स्क्रीन रीडर तक्त्यात शिरताना स्वतःच सांगतो. सगळे आकडेही नकोत, ते तक्त्यात आहेतच. सारांशात ते घ्या जे बघणाऱ्याला दोन सेकंदात कळतं आणि ऐकणाऱ्याला अख्खा तक्ता ऐकल्यावरच कळेल, शिवाय बारीक अक्षरातलं जे सगळ्या ओळींना लागू आहे ते. तुमच्यासाठी मी असा लिहीन:

"गायन, तबला आणि मराठी संभाषण असे वर्ग आहेत. लहान गट म्हणजे ८ ते १४ वर्षं, मोठा गट १५ वर्षं आणि पुढे. गायन आणि तबल्याला लहान गट संध्याकाळी ५ वाजता आणि मोठा गट ६:१५ वाजता असतो, आणि बिगरसभासदांना दोन्हीकडे महिन्याला २०० रुपये जास्त पडतात. मराठी संभाषण सगळ्यांसाठी एकत्र, फक्त रविवारी सकाळी."

बघा, २०० रुपयांचा फरक पोस्टरवर कुठेही लिहिलेला नाही, तो ४०० ला ६०० आणि ५०० ला ७०० यातून निघतो. असं काढताना प्रत्येक ओळ तपासा, एक जरी ओळ वेगळी निघाली तर ते वाक्य टाकू नका. हा सारांश साध्या परिच्छेदात, तक्त्याच्या लगेच वर ठेवा, म्हणजे बघणाऱ्यांनाही उपयोगी पडतो. जुन्या पुस्तकांत `table` ला `summary` नावाचा ॲट्रिब्यूट सांगितलेला सापडेल, तो एचटीएमएल ५ मध्ये कालबाह्य ठरवलाय, त्याच्या नादी लागू नका.

मग फोटोचं काय करायचं? ठेवा, पोस्टर लोकांना आवडतं, फॉरवर्ड करायला लागतं. पण त्याचा ऑल्ट आता एवढाच:

```html
<img src="vargs.jpg" lang="mr" alt="वर्गांच्या वेळापत्रकाचं पोस्टर. हाच मजकूर खाली तक्त्यात आहे.">
```

काही जण मजकुराचा तक्ता स्क्रीनबाहेर लपवतात, म्हणजे फक्त स्क्रीन रीडरला मिळेल असा. मला ते पटत नाही. `display:none` केलं तर तो स्क्रीन रीडरलाही मिळत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या युक्तीने लपवला तरी जे कोणाला दिसत नाही ते पुढच्या वेळी बदलायचं राहून जातं. शिवाय मोबाईलवर पोस्टर चिमटीने मोठं करत बसणाऱ्या आजी-आजोबांनाही दिसणारा तक्ताच सोयीचा. वेबच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यातला १.४.५ हाच म्हणतो की जे मजकुराने होतं ते मजकुराच्या चित्राने करू नका, तेव्हा खरा तक्ता हाच मुख्य, पोस्टर त्याच्या सोबतीला.

दोन मजली तक्ता टाळताच येत नाही असंही कधी होतं, म्हणजे पाच वर्षं आणि प्रत्येक वर्षाखाली मुलं, मुली, एकूण असं. तिथे पहिला पर्याय म्हणजे त्याचे वेगवेगळे साधे तक्ते करणं, दरवर्षीचा एक किंवा मुलांचा एक मुलींचा एक, वाचणारा कशाची तुलना करणार त्यावरून ठरवायचं. तेही जमत नसेल तर वरच्या मजल्याला `scope="colgroup"` किंवा प्रत्येक हेडरला `id` देऊन आकड्याच्या रकान्यात `headers="varsh2 muli2"` असं लिहिता येतं. संगणकावरचे स्क्रीन रीडर हे बऱ्यापैकी समजतात, फोनवर माझा भरवसा कमी आहे, आणि `id` वाला तक्ता पुढे कोणी एक रकाना वाढवला की आतून निखळतो, वरून दिसतही नाही. तुमच्या पाच ओळींसाठी त्यात पडायची गरजच नाही.

तपासायचं कसं: एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, तो टाका, पान उघडा, T दाबा म्हणजे थेट तक्त्यावर जाल. मग `Ctrl+Alt` धरून बाणाच्या कळांनी सभासद फीच्या रकान्यात जा आणि खाली खाली उतरा. प्रत्येक वेळी आधी 'तबला, लहान गट' आणि मग '४०० रुपये' ऐकू आलं पाहिजे. नुसतं '४०० रुपये' आलं तर डावीकडचं `th` राहिलंय. आडवं सरकताना दिवस, वेळ, सभासद अशी वरची नावं आली पाहिजेत, नसतील तर वरची ओळ राहिली. स्क्रीनकडे न बघता हे करा, नाहीतर डोळे आपोआप मदत करतात आणि सगळं छानच वाटतं. मग काकांना एकच काम द्या, 'तबल्याच्या लहान गटाची बिगरसभासद फी सांगा', आणि ते किती वेळ शोधतात ते गप्प बसून ऐका. त्यांनी ६०० सांगितलं की झालं.

एक राहिलं, व्हॉट्सॲप. खरं तर काकांकडे ते पोस्टर आधी ग्रुपवरच आलं असणार, आणि तिथे ना ऑल्ट ना तक्ता. तिथे हेडर्स वाक्यातच विणावी लागतात, एका वर्गाचा एक मेसेज:

"तबला, लहान गट. दिवस सोमवार आणि बुधवार. वेळ संध्याकाळी ५ ते ६. मासिक फी सभासदांना ४०० रुपये, बिगरसभासदांना ६०० रुपये."

"मराठी संभाषण, सर्व वयोगट. दिवस रविवार. वेळ सकाळी १० ते ११:३०. मासिक फी सभासदांना विनामूल्य, बिगरसभासदांना ३०० रुपये."

सगळ्या वाक्यांत क्रम तोच ठेवा, दिवस, वेळ, फी, म्हणजे दुसऱ्या मेसेजपासून कानाला सवय होते. सगळं एकाच लांब मेसेजमध्ये टाकू नका, कारण टॉकबॅक हा अँड्रॉइड फोनवरचा स्क्रीन रीडर मेसेज सुरुवातीपासून सलग वाचतो आणि मधलं एक हुकलं तर बहुतेक जण पुन्हा पहिल्यापासूनच ऐकतात. आधी वरचा सारांश एक मेसेज, मग पाच वर्गांचे पाच.

हे सगळं पोस्टरवरून उलटं करत बसण्यापेक्षा पोस्टर करणाऱ्याला ज्या एक्सेलवरून किंवा कागदावरून माहिती दिली ती मागवा, तिच्यातूनच तक्ता करा. नसेलच तर पाच ओळी हाताने टाइप केलेल्या बऱ्या, फोनने फोटोतून मजकूर उचलला तर जोडलेले रकाने एकमेकांत घुसतात आणि अशा डिझायनर फाँटमध्ये ५ आणि ६ ची गल्लत होऊ शकते, फीच्या रकान्यात ती पटकन लक्षातही येत नाही. आणि कॅप्शनमध्ये महिना आणि वर्ष टाकायला विसरू नका, फी बदलली की पोस्टर नवीन लागतं आणि खालचा तक्ता जुनाच राहतो, तेव्हा निदान ऐकणाऱ्याला कळेल की हे कधीचं आहे.